नवानंतरचा हातचा

७४९० ही चिप शून्य ते नऊ मोजते आणि दहाव्या पल्सला पुन्हा शून्यावर येते. नव्व्याण्णवपर्यंत जायचे तर एककाच्या चिपने दशकाच्या चिपला ‘हातचा एक’ द्यायला हवा. त्यासाठी वेगळी तार नसते, आणि यातच या रचनेचे सौंदर्य आहे. एककाचे आठ वजनाचे आउटपुट (पिन ११) फक्त आठ आणि नऊ या अंकांना १ असते. नवावरून शून्यावर जाताना ते खाली पडते. ७४९० पल्सच्या उतरत्या कडेलाच मोजते, म्हणून हीच तार दशकाच्या पिन १४ ला जोडली की ३९ नंतर ४० येतात. दशकाची चिप चढत्या कडेवर मोजणारी असती, तर ०७ नंतर १८, १९ आणि मग १० दिसले असते.

प्रत्येक चिपची पिन १२ तिच्याच पिन १ ला जोडावी लागते. चारही आउटपुट ७४४७ मधून कॉमन अॅनोड डिस्प्लेकडे जातात, प्रत्येक सेगमेंटला स्वतंत्र रेझिस्टर लावून. डिस्प्ले ९९ वरच अडकला, तर पिन ६ आणि ७ तपासा. मोकळ्या सोडलेल्या पिना ही चिप १ समजते आणि नवावरच थांबते. त्या ग्राउंडला जोडा, २ आणि ३ सुद्धा.