वांग, वावर आणि दोन बोटं सनस्क्रीन

मागच्या महिन्यात काटोलकडच्या एका बचत गटात आम्ही गेलो होतो. बैठक होती कर्जाच्या हप्त्याची, पण उठताना एका वहिनीने पदर जरा बाजूला करून गाल दाखवला. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग होते. "बाळंतपणापासून आहे, आता वावरात गेलं की गडदच होते. कोणतं क्रीम लावू?" असं तिने विचारलं. आजची आपली गोष्ट त्याच प्रश्नाची आहे.

या डागांना आपण वांग म्हणतो. गरोदरपणात किंवा पाळणा लांबवायच्या गोळ्या सुरू असताना अंगातले संप्रेरकांचे बदल त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशींना चेतवतात. घरात कुणाला वांग असेल तर ते होण्याची शक्यता वाढते. पण त्या पेशींना रोज टोचून जागं ठेवतं ते ऊन. म्हणून रात्री कितीही महाग क्रीम लावलं आणि सकाळी उघड्या तोंडाने निंदायला गेलं, तर डाग तिथेच राहतो.

नागपूरकडे आपण उन्हाळ्यालाच ऊन मानतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपट्टा तोंडाला आपोआप बांधला जातो. थंडीत कापूस वेचताना मात्र ऊन गोड लागतं, आणि आपण तोंड उघडंच ठेवतो. ऊन चटका देतं म्हणजेच ते त्वचा काळवंडवतं असं नाही. त्वचेला गडद करणारे किरण गरम लागत नाहीत, ते बारा महिने येतात आणि ढगांतूनही बरेचसे खाली उतरतात. म्हणून वांग असलेल्या बाईने वेचणीतही आणि पावसाळ्यातही तोंड जपायचं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे कापड. ते उजेडासमोर धरून बघा. आरपार दिसत असेल तर किरणही आत येतात. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती दुपट्टा बरा. वावरात साडीवर जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट आपण घालतोच, त्यात रुंद काठाच्या टोपीची भर घाला. टोपीची सावली गालावर पडते की नाही ते एकमेकींकडे बघून तपासा.

मग येतं सनस्क्रीन. दुकानात ट्यूबवर दोन गोष्टी बघा : एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम' किंवा 'पीए' पुढे तीन अधिक चिन्हं. एसपीएफचा आकडा मुख्यतः त्वचा भाजण्यापासूनच्या बचावाचा असतो. काळवंडणं रोखायचं तर दुसरी गोष्टही हवीच. वांग असेल तर त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन मिळालं तर जास्त चांगलं, कारण त्यातलं लोह ऑक्साईड साध्या डोळ्यांना दिसणारा उजेडही थोडा अडवतं, आणि तो उजेडही सावळ्या त्वचेवरचा वांग गडद करतो. पांढरं लागतं म्हणून ज्यांना नकोसं वाटतं त्यांचाही प्रश्न सुटतो. गरोदर बायांनी झिंक ऑक्साईडचं घ्यावं, ते बहुतेक वरच राहतं.

आता खरी चूक कुठे होते ती सांगतो. आपण वाटाण्याएवढं घेतो आणि सगळ्या तोंडाला पुरवतो. एवढं लावलं तर ट्यूबवर लिहिलेलं संरक्षण मिळतच नाही. पहिल्या आणि मधल्या बोटाच्या पेरापासून टोकापर्यंत दोन रेघा काढा. चेहरा आणि गळ्याला एवढं लागतं, म्हणजे साधारण दोन ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तरी पंचवीस दिवसांत संपायला हवी. सहा महिने पुरली असेल तर ती बचत नाही, तुम्ही कमी लावताय. पैशांची ओढाताण असेल तर गळा आणि कपाळ कापडाने झाका आणि क्रीम गाल, नाक, ओठाच्या वरची जागा यांनाच, पण जाड लावा. आम्हाला हाच मार्ग परवडणारा वाटतो.

त्या वहिनीचा दिवस आम्ही असा लावून दिला. सकाळी तोंड साध्या पाण्याने किंवा सौम्य साबणाने धुवायचं, कपड्याच्या वडीने नाही. हात कोरडे करून वर सांगितल्याप्रमाणे सनस्क्रीन, निघण्याआधी वीस मिनिटं, आणि ते चोळून जिरवायचं नाही, पसरवायचं. खोबरेल तेल त्याखाली नको, थर सरकतो. तेल किंवा मॉइश्चरायझर रात्री लावा. न्याहारीला बसलं की आधी हात साबणाने स्वच्छ धुवा, कारण पऱ्हाटीवरची फवारणी हाताला लागलेली असते. मग घाम कोरड्या कापडाने टिपून (पुसून नाही) पुन्हा एकदा थर द्या. संध्याकाळी तोंड धुणं, बस्स. ट्यूब टिनाच्या छपराखाली ठेवायची नाही. घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा, आणि पाणी-क्रीम वेगळं झालं तर टाकून द्या.

फरक बघायला तीन महिने लागतात. महिन्यातून एकदा, त्याच दारात, त्याच वेळी मोबाईलवर फोटो काढा, कारण रोज आरशात पाहणाऱ्याला काही कळत नाही. चेहरा सारखा होतो, गोरा नाही. जुना खोल डाग सनस्क्रीनने पूर्ण जात नाही, गडद होणं मात्र थांबतं. मानेवर मखमलीसारखी जाड काळी त्वचा असेल तर ती उन्हाची नव्हे. ती घासू नका, रक्तातली साखर तपासून घ्या.

लिंबू तोंडाला चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या सालीतला घटक उन्हात त्वचा भाजतो आणि तिथे महिनोन्‌महिने काळा पट्टा राहतो. आणि आपल्या संत्र्याची वाळलेली साल घासणं? वांगावर तेही नको, रगडल्याने डाग वाढतो.

मेडिकल दुकानातून विनाचिठ्ठी मिळणाऱ्या 'गोरेपणाच्या' ट्यूबबद्दलही सांगायला हवं. त्यात स्टेरॉइड असेल तर दोन-तीन आठवड्यांत तोंड उजळतं, मग त्वचा पातळ होते, लाल होते, तोंडावर लव येते आणि क्रीम थांबवताच जळजळ होते. असं झालं असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा. पारा असलेलं क्रीम त्याहून वाईट. २०२३ मध्ये अकोल्यातली बातमी आली होती : एकाच घरातल्या आई आणि मुलींची मूत्रपिंडं खराब झाली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणीत त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडला. ते क्रीम पार्लरवालीकडून घेतलेलं होतं. म्हणून ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक आणि घटक छापलेले नाहीत ती घेऊ नका. क्रीम लावल्यावर पायाला सूज किंवा लघवीला फेस दिसला तर थांबवा आणि ती डबी घेऊनच दवाखान्यात जा.

नागपुरात मेडिकल आणि मेयो, दोन्हीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत टाकून न्या.