समजून घ्या : तीन हप्ते थकले, चौथ्याच्या दिवशी कर्ज 'एनपीए', मग घरी कोणत्या नोटिसा येतात?

अवसरी खुर्द : शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे अवसरी खुर्दमध्ये विद्यार्थ्यांना भाड्याने खोल्या देणारी घरे वाढली. समजा, अशाच एका कुटुंबाने गावठाणातल्या घरावर बँकेचे कर्ज काढून वरचा मजला चढवला. हप्ता १२ हजार रुपये, तारीख दर महिन्याची ५. खोल्या रिकाम्या राहिल्या आणि ५ जानेवारी २०२६ चा हप्ता चुकला. पुढचे दोनही चुकले.

इथे बहुतेकांची समजूत अशी असते, की 'तीन महिने बँक काही करत नाही.' प्रत्यक्षात मोजणी पहिल्या रात्रीपासूनच सुरू होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार देय तारखेचा दिवस-अखेरचा हिशेब होईपर्यंत पैसे आले नाहीत, तर खाते त्याच दिवसापासून थकीत धरले जाते. पहिल्या महिन्यात त्याला 'एसएमए-०' म्हणतात. ४ फेब्रुवारीला ते 'एसएमए-१', ६ मार्चला 'एसएमए-२' आणि ५ एप्रिलला 'एनपीए', म्हणजे अनुत्पादक कर्ज होते. रविवार असो वा सुट्टी, तारीख पुढे सरकत नाही.

खरी गोम ४ आणि ५ एप्रिलच्या मध्ये आहे. थकीत दिवस सर्वांत जुन्या न भरलेल्या हप्त्यापासून मोजतात. त्यामुळे ४ एप्रिलपर्यंत जानेवारीचा एक हप्ता (आणि बँकेने त्यावर लावलेले शुल्क) पूर्ण भरला, तर मोजणी फेब्रुवारीच्या हप्त्यावर जाते आणि एनपीएची तारीख ६ मेपर्यंत लांबते. पण एकदा खाते एनपीए झाले, की एक हप्ता भरून ते पूर्ववत होत नाही. सगळी थकबाकी, व्याज आणि मुद्दल दोन्ही, भरावी लागते. म्हणजे ४ तारखेला जे काम १२ हजारांत झाले असते, त्याला ५ तारखेनंतर चार हप्त्यांचे ४८ हजार आणि वर शुल्क लागते. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे. शिवाय एनपीएचा शिक्का कर्जदारावर बसतो. त्याच बँकेत त्याच नावावर दुसरे कर्ज नियमित असले तरी तेही एनपीए धरले जाते.

आता नोटिसा. आधीचे एसएमएस आणि 'हप्ता भरा' अशी पत्रे ही केवळ आठवण असते. कायद्याची पहिली नोटीस २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची. ती कर्जदारासोबत जामीनदारालाही जाते. त्यात एकूण येणे रक्कम आणि तारण मालमत्तेचा तपशील असतो, आणि मुदत ६० दिवसांची. पोस्टमनला परत पाठवून ती टळत नाही. बँक घरावर चिकटवते आणि वर्तमानपत्रात छापते.

या ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. रक्कम चुकली आहे, भरलेला हप्ता जमा दिसत नाही, असे काहीही असेल तर पावतीसह लिहा आणि पोच घ्या. हरकत मान्य नसेल, तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. बहुतेक लोक इथेच गप्प बसतात.

मुदत संपली, की दुसरी ताबा नोटीस. ती दारावर लागते आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत येते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले. आपल्या ई-पेपरच्या पानांवर दिसतात त्या याच. बहुधा हा 'सांकेतिक' ताबा असतो, घरातले लोक घरातच असतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते.

तिसरी लिलावाची नोटीस. पहिल्या विक्रीसाठी किमान ३० दिवस आधी. ही छापून येण्यापूर्वीच सगळे येणे भरले, तर मालमत्ता सोडवता येते. नंतर तो हक्क उरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात सांगितले.

'आमची तर सहकारी बँक आहे' हा आधारही आता नाही. मुरगूडच्या (जि. कोल्हापूर) विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात घटनापीठाने ५ मे २०२० रोजी सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचा निकाल दिला. पतसंस्थांची वाट वेगळी आहे. त्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेतात.

शेतकऱ्यांसाठी दोन फरक महत्त्वाचे. पीककर्जाला ९० दिवसांचा नियम नाही. कमी मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम आणि दीर्घ मुदतीच्या पिकांसाठी एक हंगाम थकल्यावर ते एनपीए होते. आणि शेतजमिनीवर सरफेसीची कारवाई चालत नाही. तिथे बँकेला वसुलीचे दुसरे कायदेशीर मार्ग धरावे लागतात. मात्र सातबाऱ्यावर 'शेती' असून जागेवर प्रत्यक्षात खोल्या किंवा गाळे उभे असतील, तर हे संरक्षण मिळेलच असे नाही. न्यायालये प्रत्यक्ष वापर पाहतात.