बढतीचं नव्हे, तयारीचं पत्र

चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. तिथे वार्षिक मूल्यमापन आटोपलं की एप्रिल-मेमध्ये काही मोजक्या लोकांच्या हाती एक वेगळं पत्र पडतं. पगारवाढीचं पत्र सगळ्यांनाच मिळतं, हे मात्र एखाद्यालाच. ‘आपली क्षमता लक्षात घेऊन कंपनीने आपल्यासाठी विकास आराखडा तयार केला आहे’ अशी त्याची सुरुवात असते. खाली प्रशिक्षणांची यादी, मेंटॉर म्हणून एका ज्येष्ठ अधिकाऱ्याचं नाव आणि शेवटी मुदत. घरी पेढे येतात. पुढच्या एप्रिलपर्यंत मात्र पुष्कळदा काहीच घडत नाही, आणि त्याचं कारण बहुधा त्या पत्रातच असतं.

हे पत्र कोणाला द्यायचं, हे ठरवताना बऱ्याच कंपन्या नऊ चौकटींचा तक्ता मांडतात. एका बाजूला आजची कामगिरी, दुसऱ्या बाजूला पुढची क्षमता. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने १९७०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकसाठी असाच तक्ता केला होता, पण तो कोणत्या धंद्यात पैसा घालायचा हे ठरवण्यासाठी. माणसांची वर्गवारी त्यावर नंतर होऊ लागली. चूक बहुतेक वेळा इथेच होते. आज उत्तम काम करणारा उद्या वरच्या जागेवरही उत्तमच करील, असं धरून चालतात. लॉरेन्स पीटर यांनी १९६९ साली रेमंड हल यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकात या समजुतीची टर उडवली होती: आधीच्या कामाच्या जोरावर माणसं वर चढत जातात आणि जे काम जमत नाही तिथे येऊन अडकतात.

एक उदाहरण घेऊ. मशीन शॉपचा एक शिफ्ट इन्चार्ज आहे. वय एकतीस, हाताखाली चाळीस माणसं. मशीन बंद पडलं की आवाजावरून दोष ओळखतो. त्याच्या शिफ्टमध्ये रिजेक्शन सगळ्यांत कमी. दीड-दोन वर्षांत त्याला प्रॉडक्शन मॅनेजरच्या जागेसाठी तयार करायचं आहे. त्याला कमी काय पडतं? मशीनचं ज्ञान नक्कीच नाही. एका नगामागे टूलिंगचा, विजेचा, ओव्हरटाइमचा खर्च किती येतो, हे त्याने कधी मांडलेलं नाही. ग्राहक कंपनीची तक्रार आली की बैठकीत बोलतात ते त्याचे साहेब. आणि अडचण आली की तो दुसऱ्याला शिकवण्याऐवजी स्वतःच पाना घेऊन मशीनखाली शिरतो. या शेवटच्या सवयीचं आजवर कौतुकच झालं, मॅनेजर झाल्यावर मात्र तीच त्याला बुडवील.

आता पत्रात याचं काय होतं ते पाहा. नेहमीचं वाक्य असं: ‘नेतृत्वगुण व आर्थिक जाण विकसित करणे – दोन दिवसांची कार्यशाळा.’ हे वाक्य कारखान्यातल्या कोणाच्याही पत्रात खपेल, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. त्याऐवजी असं लिहिता येतं: ‘जानेवारीत तयार होणाऱ्या मशीन शॉपच्या अंदाजपत्रकातला टूलिंगचा भाग तुम्ही मांडाल. त्याआधी ऑक्टोबरमध्ये कॉस्टिंगचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होईल. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दर शुक्रवारी दुपारी तुम्ही फायनान्स विभागात बसाल. त्या वेळी शिफ्ट तुमचे सहायक सांभाळतील.’

यात वर्ग आहे, पण त्याला लागूनच खरं काम आहे. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपमधल्या अभ्यासातून ७०-२०-१० असं एक सूत्र रूढ झालं: शिकण्यातला मोठा वाटा प्रत्यक्ष कामाचा, त्याहून कमी इतरांच्या सहवासाचा आणि सर्वांत लहान वर्गातल्या शिकवणीचा. हे आकडे मोजपट्टीने मोजलेले नाहीत, तेव्हा त्यांची पूजा करायला नको. पण पत्रात फक्त कार्यशाळाच दिसत असतील, तर मोठा वाटा सुटलाय एवढं कळतं.

त्या मजकुरातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य शेवटचं. शिफ्ट कोण सांभाळणार? आराखडे कोलमडतात ते पैशांअभावी नव्हे, वेळेअभावी. महिनाअखेरीला डिस्पॅच अडलेलं असतं आणि साहेब म्हणतात, ‘या वेळचं ट्रेनिंग राहू दे, पुढच्या बॅचला जा.’ साहेबांनाही सर्वस्वी दोष देता येत नाही. सगळ्यांत चांगला माणूस काढून दिला तर त्यांचा आकडा घसरतो आणि त्यांचं मूल्यमापन त्या आकड्यावरच होतं. म्हणून पत्रावर साहेबांची सही हवी आणि बदली माणसाची सोय लिहिलेली हवी. आपल्या उदाहरणात याचा दुहेरी फायदा होतो. सहायकाला शिफ्ट देणं हाच या इन्चार्जचा खरा धडा आहे. शुक्रवारी दुपारी फायनान्समधून तो किती वेळा फोन करून मशीनची विचारपूस करतो, यावरून प्रगती चांगली कळते.

मेंटॉर शक्यतो दुसऱ्या विभागातला असावा, थेट साहेब नसावा. पगारवाढ ज्याच्या हातात आहे, त्याच्यापुढे कोणी ‘मला ग्राहकाशी बोलायची भीती वाटते’ असं म्हणत नाही. पत्रात नुसतं नाव पुरत नाही. महिन्यातून एकदा तासभर भेट, विषय शिकणाऱ्याने आणायचा, बोलणं दोघांतच राहील आणि वर्षाने ही व्यवस्था संपेल, एवढं लिहिलं की दोघांचाही संकोच जातो. पहिल्या दोन भेटी रद्द झाल्या तर तिसरी सहसा होतच नाही. तेव्हा लगेच मेंटॉर बदलावा, वर्ष संपायची वाट पाहू नये.

मुदतीबद्दल एकच सांगतो: ती कारखान्याच्या कॅलेंडरवर बेतलेली हवी. मार्चअखेरीला प्रशिक्षण ठेवणं म्हणजे ते न ठेवणंच. पहिला आढावा तीन महिन्यांनी घ्यावा. तेव्हा फक्त हजेरीच्या कामांपुढेच ‘पूर्ण’ लिहिलेलं असेल, तर आराखडा कागदावर राहिला असं समजावं.

राहिला बढतीचा प्रश्न. ‘पुढील पदासाठी आपली निवड झाली आहे’ असं पत्रात कधीच लिहू नये. जागा रिकामी होईल की नाही, हे कोणालाच माहीत नसतं. ‘हे पत्र बढतीचं आश्वासन नाही. जागा उपलब्ध झाल्यास, त्या वेळच्या कामगिरीवरून इतरांबरोबर तुमचाही विचार होईल,’ असं सरळ लिहावं. वाचताना थोडं लागतं, पण दोन वर्षांनी राजीनामा हातात पडण्यापेक्षा बरं. आणि त्याही आधी त्या माणसाला विचारावं की मॅनेजर व्हायचंय का. मशीनमध्येच रमणारे असतात, त्यांच्यासाठी तांत्रिक तज्ज्ञाची वेगळी वाट हवी.

महागड्या बाहेरच्या अभ्यासक्रमाला पाठवताना बाँड घालायचा असेल, तर तो स्वतंत्र करारात असावा. या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात नको. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली ठरावीक काळ नोकरीत राहण्याची अट ग्राह्य धरली. मात्र भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि भरपाई वाजवी असावी लागते. तेव्हा सही करण्यापूर्वी शुल्क किती, मुदत किती आणि मुदतीचा काही भाग भरल्यावर रक्कम घटते का, एवढं विचारून घ्यावं.