ऑक्सिजन शेवटी का?

दहावीच्या विज्ञानात रासायनिक समीकरणांचे संतुलन शिकवताना सहसा असे होते. शिक्षक फळ्यावर दोन समीकरणे सोडवून दाखवतात, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि स्वाध्यायातली बाकीची घरून सोडवून आणायची असतात. फळ्याकडे बघताना सगळे समजलेले असते. घरी मात्र पहिल्याच समीकरणापाशी पेन अडते, कारण सुरुवात कोणत्या मूलद्रव्यापासून करायची हेच ठरत नाही. मग आकडे घालून बघायचे, खोडायचे, पुन्हा घालायचे. कधीतरी जमतेही, पण कसे जमले ते सांगता येत नाही. त्यामुळे पुढच्या समीकरणाला त्याचा काहीच उपयोग होत नाही.

ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्या मुलांबाबत दाखवून दिले की, सुरुवातीला नुसते प्रश्न सोडवत बसण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे नीट अभ्यासणाऱ्या मुलांना तसलेच प्रश्न लवकर आणि कमी चुका करत सुटतात. पुढे अलेक्झांडर रेंकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधल्या वाटेचा विचार केला. पूर्ण सोडवलेल्या उदाहरणानंतर एकदम कोरा प्रश्न द्यायचा नाही. उदाहरणातली एकेक पायरी गाळत जायची. समीकरणांच्या बाबतीत हे कसे करायचे ते ज्वलनाच्या अभिक्रियांवरून बघू.

पहिले उदाहरण पूर्ण सोडवलेले. घरच्या सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. त्यातला प्रोपेन जळतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते.

C₃H₈ + O₂ → CO₂ + H₂O

पायरी पहिली, कार्बन. डावीकडे कार्बनचे ३ अणू आहेत आणि उजवीकडे १, म्हणून CO₂ च्या आधी ३ लिहू. पायरी दुसरी, हायड्रोजन. डावीकडे ८ आणि पाण्याच्या एका रेणूत २, म्हणून H₂O च्या आधी ४. पायरी तिसरी, ऑक्सिजन. उजवीकडे आता CO₂ मधले ६ आणि पाण्यातले ४ मिळून १० अणू झाले. डावीकडे ते जोडीने येतात, म्हणून O₂ च्या आधी ५.

C₃H₈ + 5O₂ → 3CO₂ + 4H₂O

पायरी चौथी, पडताळा. दोन्ही बाजूंना कार्बन ३, हायड्रोजन ८, ऑक्सिजन १०.

इथे थांबून मुलांना एक प्रश्न विचारायचा: ऑक्सिजन शेवटी का घेतला? उजवीकडे तो दोन पदार्थांत विभागलेला आहे, त्यामुळे त्या दोघांचे आकडे ठरल्याशिवाय त्याची बेरीजच करता येत नाही. आणि डावीकडे O₂ मध्ये त्याच्यासोबत दुसरे कोणी नाही. त्यामुळे O₂ चा आकडा बदलला तरी कार्बन आणि हायड्रोजन यांचा जमलेला हिशेब मोडत नाही. हे कारण मुलाने स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायला हवे. नाहीतर उदाहरण नुसते उतरवले जाते.

दुसऱ्या उदाहरणात पेंटेन घेऊ. यात पहिल्या दोन पायऱ्या छापलेल्या असतील आणि ऑक्सिजनची जागा रिकामी असेल.

C₅H₁₂ + __O₂ → 5CO₂ + 6H₂O

उजवीकडे १० आणि ६ मिळून १६ अणू, म्हणून रिकाम्या जागी ८. गाळताना शेवटची पायरी आधी गाळण्यात फायदा आहे. रिकाम्या जागेपर्यंत मूल पोहोचते तेव्हा मागचे सगळे आकडे बरोबर असतात. तरीही चुकले, तर चूक तिथल्याच हिशेबात आहे हे शिक्षकाला लगेच कळते. उदाहरणार्थ, १६ लिहिणारे मूल O₂ मधले दोन अणू विसरलेले असते.

तिसऱ्या उदाहरणात फक्त कार्बनची पायरी द्यायची आणि पदार्थही थोडा बदलायचा. इथे इथेनॉल जळते.

C₂H₅OH + __O₂ → 2CO₂ + __H₂O

हायड्रोजनचे ५ आणि १ असे ६ अणू, म्हणून पाण्याचे ३ रेणू. उजवीकडे ऑक्सिजन ४ आणि ३ मिळून ७. पण त्यातला एक अणू इथेनॉलमध्येच आहे. तो वजा केल्यावर ६ उरतात, म्हणून O₂ च्या आधी ३. जे मूल इथे साडेतीन लिहिते, त्याने रीत पाठ केलेली असते, पण डावी बाजू पूर्ण मोजलेली नसते. त्याला पुढचे उदाहरण देऊ नये. दोन पायऱ्या छापलेले, ऑक्सिजन असलेल्याच इंधनाचे एखादे उदाहरण द्यावे.

चौथ्या उदाहरणात काहीच छापायचे नाही. ब्युटेनचे ज्वलन:

C₄H₁₀ + O₂ → CO₂ + H₂O

कार्बनचे ४, पाण्याचे ५, मग उजवीकडे ऑक्सिजनचे १३ अणू. ते जोडीने कसे आणायचे? O₂ च्या आधी साडेसहा लिहून मग सगळे आकडे दुप्पट करायचे.

2C₄H₁₀ + 13O₂ → 8CO₂ + 10H₂O

विषम संख्या आली की मुलांची सर्वांत नेहमीची चूक इथे दिसते. एक अणू कमी पडला म्हणून ती H₂O चे H₂O₂ करून टाकतात. मोजणी जुळवता येते, पण पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड हा वेगळाच पदार्थ कागदावर येतो. सूत्राच्या आधीचा आकडा रेणू किती ते सांगतो. सूत्राच्या आतला छोटा आकडा पदार्थ कोणता ते ठरवतो. संतुलन करताना फक्त पहिल्याला हात लावायचा.

या मालिकेला एक मर्यादा आहे. सगळी उदाहरणे ज्वलनाचीच दिली, तर ‘ऑक्सिजन शेवटी’ हा मंत्र होऊन बसतो. म्हणून शेवटी असे एक समीकरण द्यावे, ज्यात तो चालत नाही.

Ca(OH)₂ + H₃PO₄ → Ca₃(PO₄)₂ + H₂O

इथे ऑक्सिजन चारही पदार्थांत आहे आणि कुठेच एकटा नाही. पण PO₄ हा गट दोन्ही बाजूंना अखंड राहतो, म्हणून तो एकच घटक धरून मोजायचा. कॅल्शियमसाठी ३, फॉस्फेटसाठी २, मग डावीकडे हायड्रोजनचे ६ आणि ६ मिळून १२ अणू, म्हणजे पाण्याचे ६ रेणू. उत्तर 3, 2, 1, 6. ऑक्सिजन दोन्ही बाजूंना १४ येतो, म्हणजे त्याच्यावरून पडताळा होतो. मंत्र मागे पडला, तरी त्यामागचे कारण कायम राहते: जे मूलद्रव्य किंवा जो गट प्रत्येक बाजूला एकाच पदार्थात आहे तो आधी, आणि विखुरलेला घटक नंतर.

पायऱ्या कधी गाळायच्या हे वर्गाच्या वेळापत्रकावरून नव्हे, तर वहीवरून ठरवावे. ज्याला ब्युटेनचे समीकरण सहज सुटते, त्याला प्रोपेनची पूर्ण उकल वाचायला लावली तर ती त्याला अडचणच होते. जाणकाराला जादा मदत नडते, हेही संशोधकांनी दाखवले आहे. त्याला थेट कोरे समीकरण द्यावे. उत्तर बरोबर आहे का, हे त्याचे त्यालाच तीन गोष्टींवरून तपासता येते: एकाही सूत्रातला छोटा आकडा बदललेला नाही, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू दोन्ही बाजूंना सारखे आहेत, आणि आधीचे सगळे आकडे आणखी लहान पूर्णांकांत आणता येत नाहीत.