ऑफर लेटरला उत्तर देताना

भाचीला पुण्यातल्या एका कंपनीकडून अकाउंट्समधल्या जागेची ऑफर आली. वर्षाला 9 लाखांचं पॅकेज. नाशिकच्या घरी पेढे वाटून झाले आणि मग आम्ही पगाराचा तक्ता घेऊन बसलो. त्यातले 90 हजार ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरी पाहून मिळणारे. बेसिक साडेचार लाख. त्यावर कंपनी भरणार तो 54 हजारांचा पीएफ आणि साडेएकवीस हजारांची ग्रॅच्युइटीही त्याच 9 लाखांत धरलेली. तिचा स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर वजा जाता दरमहा हातात येणार साधारण साडेछप्पन हजार.

तिनं उत्तर लिहिलं : ‘पुण्यात घरभाडं फार आहे, तरी पगार थोडा वाढवता येईल का?’ मी ते बाजूला ठेवायला सांगितलं. भाडं ही तिची अडचण झाली. एचआरला वाढ मंजूर करून घ्यायची तर साहेबांपुढे कामाशी जोडलेलं कारण ठेवावं लागतं. शिवाय ‘थोडा’ म्हणजे किती, हे समोरच्यानं कसं ओळखायचं?

मग मेल असा गेला :

‘ऑफरबद्दल आभार. मला हे काम मनापासून करायचं आहे. एक विनंती आहे. निश्चित पगार 8 लाख 10 हजारांऐवजी 8 लाख 70 हजार करता येईल का? जीएसटी विवरणपत्रं आणि ऑडिटची तयारी मी चार वर्षं स्वतंत्रपणे सांभाळते आहे, आणि मुलाखतीत ठरल्याप्रमाणे इथे दोन शाखांचं काम माझ्याकडे असेल. पगारश्रेणीत हे बसत नसेल, तर 60 हजार जॉइनिंग बोनस आणि सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार, असा पर्यायही मला चालेल.’

पर्यायात कमी पगाराचा आकडा नाही, हे मुद्दाम. ‘8 लाख 40 हजारही चालतील’ असं लिहिलं असतं, तर बोलणी तिथूनच खाली सुरू झाली असती. बोनस एकदाच द्यायचा असतो. त्यानं पगारश्रेणी हलत नाही, म्हणून तो मंजूर होणं सोपं जातं. मात्र त्यावर कर लागू शकतो आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत करण्याची अट बहुधा असते. दरवर्षीच्या पगाराची भरपाई एकदाच्या बोनसनं होत नाही, म्हणूनच जोडीला फेरविचार मागितला.

तिसऱ्या दिवशी फोन आला : पगार वाढणार नाही, 45 हजार बोनस देऊ, फेरविचाराचं ‘बघू’. तिनं होकार दिला, पण फेरविचाराचा महिना पत्रात घालून मागितला, आणि कंपनीनं तो घातला. सुधारित पत्र हातात आल्यावरच तिनं जुन्या नोकरीचा राजीनामा दिला. फोनवरचं ‘बघू’ कागदावर उतरेपर्यंत तुम्हीही देऊ नका.