अर्ध्या व पाऊण तासाच्या फरकाच्या प्रमाणवेळा

ज्या प्रमाणवेळेचे ग्रीनविच वेळेपासूनचे अंतर पूर्ण तासांत न येता त्यात अर्धा किंवा पाऊण तास उरतो, ती अपूर्णांकी प्रमाणवेळ होय. भारताची प्रमाणवेळ ग्रीनविचच्या साडेपाच तास, तर नेपाळची पावणेसहा तास पुढे आहे.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. त्यामुळे पूर्ण तासाची रेखावृत्ते १५-१५ अंशांवर येतात. भारताजवळची अशी रेखावृत्ते ७५° व ९०° पूर्व ही होत. देशाचा मध्य मात्र या दोहोंच्या जवळजवळ मधोमध पडतो, आणि अडचण येथेच आहे. ७५° स्वीकारल्यास कोलकात्यात सूर्य सरासरी ११ वाजून ७ मिनिटांनीच माथ्यावर येईल. ९०° स्वीकारल्यास मुंबईत मध्यान्ह १ वाजून ९ मिनिटांवर जाईल. मिर्झापूरजवळून जाणारे ८२.५° रेखावृत्त घेतल्याने हा भार दोन्हीकडे वाटला जातो: कोलकात्यात मध्यान्ह ११:३७ ला, मुंबईत १२:३९ ला. (वर्षभरात या वेळा काही मिनिटे मागेपुढे होतात.) ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटे, अर्थात साडेपाच तास.

ही वेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली. तोपर्यंत मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनविचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, तर रेल्वे ५ तास २१ मिनिटांच्या मद्रास वेळेवर चाले; एकाच शहरात दोन घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक असे. नव्या वेळेने मुंबईचे घड्याळ ३९ मिनिटे पुढे गेले. गिरणी कामगारांच्या दृष्टीने हा केवळ आकड्यांचा बदल नव्हता. भोंगा घड्याळाप्रमाणे वाजणार, पण सूर्य आपल्याच वेळेला उगवणार. म्हणजे कामावर तितकेच लवकर, अंधारात निघावे लागणार होते. त्यांनी विरोध केला. शहरात मुंबई वेळ १९५५ पर्यंत टिकून राहिली; कोलकात्याची स्वतंत्र वेळ १९४८ मध्ये संपली.

नेपाळमधील पाऊण तासाचे कारण थोडे निराळे आहे. तेथे १९८६ पर्यंत भारताचीच वेळ चाले. काठमांडूची स्थानिक सौरवेळ मात्र सुमारे ५ तास ४१ मिनिटे आहे, म्हणजे भारतीय वेळ तिच्याहून ११ मिनिटे मागे होती. गौरीशंकर शिखराजवळून जाणारे ८६° १५′ रेखावृत्त आधारभूत मानल्यावर हा फरक चार मिनिटांवर आला. इतक्या बारीक जुळणीचा लाभ देशात सर्वत्र सारखा मिळतो असे मात्र नाही. शेजारी देशाहून वेगळी, स्वतःची वेळ असणे हाही तिचा एक अर्थ आहे.

विस्तीर्ण देशात मात्र अर्धा तास पुरेसा ठरत नाही. भारताच्या पूर्व व पश्चिम टोकांमधील सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचे अंतर आहे. आसामातील काही चहामळे म्हणूनच प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेली ‘बागान वेळ’ पाळतात.

अशी निवड कायमची असतेच असे नाही. व्हेनेझुएलाने २००७ मध्ये आपले घड्याळ अर्धा तास मागे घेतले आणि २०१६ मध्ये ते पुन्हा पूर्ववत केले.