गव्हाचा आलेख आणि एक हजाराची वजाबाकी

हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, कारण हरितद्रव्याला तो अन्न तयार करायला लागतो. डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या पेशींवर आदळून मोठ्या प्रमाणात परत फिरतो. पीक सुकू लागलं की लाल जास्त परततो आणि अवरक्त कमी. या दोन्हींतली तफावत एका आकड्यात मांडली की एनडीव्हीआय हा निर्देशांक मिळतो.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. त्यांतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. लाल पट्टा B04, अवरक्त B08. दोन्ही क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये सूत्र लिहायचं:

```
("B08@1" - "B04@1") / ("B08@1" + "B04@1" - 2000)
```

शेवटचे ते 2000 बऱ्याच जणांकडून राहून जातात. २५ जानेवारी २०२२ पासून या चित्रांतल्या प्रत्येक आकड्यात एक हजार मिळवलेले असतात. वरच्या वजाबाकीत ते आपोआप उडतात. खालच्या बेरजेत मात्र दोन हजार होऊन बसतात. समजा, जानेवारीतल्या भरात आलेल्या गव्हाच्या एका ठिपक्यात लाल १४०० आणि अवरक्त ५००० आहे. खरे आकडे ४०० आणि ४०००, म्हणून निर्देशांक ०.८२. दोन हजार वजा केले नाहीत, तर तोच गहू ०.५६ वर येतो आणि चांगलं पीक आजारी दिसतं. २०२१-२२च्या रब्बीचा आलेख त्या वेळच्या चित्रांवरून असा काढला, तर जानेवारीअखेर सगळा तालुका एकदम घसरतो. शेजारची आमराईही त्याच दिवशी घसरली असेल, तर दोष पिकाचा नाही, हिशेबाचा आहे. फाईलच्या नावात N0400 किंवा त्यापुढचा क्रमांक असेल तर वजाबाकी करायची. काही संकेतस्थळं ती आधीच करून देतात. तिथे पुन्हा करू नये.

मग हंगाम वाचता येतो. नोव्हेंबरच्या मध्याला पेरलेला गहू उगवताना निर्देशांक ०.२च्या आसपास असतो, कारण उपग्रहाला बहुतेक मातीच दिसते. जानेवारीत तो ०.८ गाठतो आणि तिथे अडतो; पीक याहून दाट झालं तरी आकडा फारसा हलत नाही. फेब्रुवारीत दाणा पक्व होताना तो उतरतो, आणि ते उतरणं निरोगी असतं. एकाच तारखेला आकडा कोसळून पुढच्या चित्रात पूर्ववत झाला, तर तिथे ढग किंवा ढगाची सावली होती असं समजावं.

काळजी करायची ती वेगळ्याच घसरणीची: ऐन जानेवारीत, सलग दोन-तीन चित्रांत, त्याच सुमारास पेरलेल्या शेजारच्या रानापेक्षा खाली जाणारी. ती पाण्याच्या ताणाने आहे, तांबेऱ्याने की नत्र कमी पडल्याने, हे निर्देशांक सांगत नाही. नेमक्या त्या गुंठ्यांत जाऊन पान उलटून पाहावं लागतं, मुळाशी माती उकरावी लागते.